पाचशे रुपयांचे टोकन आणि कधीच न झालेला लिलाव

जप्त केलेल्या मोटारी आणि दुचाकी पोलिसांच्या लिलावात अगदी नाममात्र किमतीत मिळत आहेत, फक्त टोकन रक्कम भरा आणि गाडी आपल्या नावावर राखून ठेवा, अशा जाहिरातीला बळी पडून कुणीतरी पैसे गमावल्याची बातमी आली की एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लाखाची गाडी बारा हजारांत मिळेल असे मानणाऱ्याचे पैसे बुडणारच, लोभाला औषध नसते. दुसरी बाजू म्हणते, लोकांना माहिती नाही, त्यांना सावध करा, फलक लावा, मोहिमा काढा. वरवर पाहता या दोन बाजू एकमेकींच्या विरोधात आहेत, पण दोघींनी एक गोष्ट न तपासता धरून चालवली आहे: बिघाड आहे तो फसणाऱ्याच्या डोक्यात, आणि त्याला शिक्षा द्यायची की शिकवण, एवढाच काय तो प्रश्न. माझे म्हणणे वेगळे आहे. या जाहिरातीतली खरी कारागिरी कमी किमतीत नाही, ती अनामत रकमेच्या लहानपणात आहे. आणि ही कारागिरी यशस्वी होते याचे मुख्य कारण असे की खरा लिलाव सामान्य नागरिकाच्या नजरेस कधी पडतच नाही. लोभाची चर्चा करून आपण फसवणाऱ्याला मोकळे सोडतो आणि ज्या व्यवस्थेच्या अंधारात तो धंदा करतो त्या व्यवस्थेलाही.

विरोधी बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा आधी मान्य केला पाहिजे, कारण तो खरा आहे. पोलिसांनी जप्त केलेली वाहने खरोखरच विकली जातात आणि त्यातली कितीतरी खरोखरच स्वस्तात जातात. गुन्ह्यात वापरलेले, चोरीचे म्हणून सापडलेले किंवा रस्त्यावर बेवारस मिळालेले वाहन ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा होते. ते अनंतकाळ तिथे पडून राहावे, असे कायद्याला अभिप्रेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या निकालात स्पष्ट सांगितले की जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. योग्य बंधपत्र घेऊन ती मालकाला परत द्यावीत, आणि मालक, विमा कंपनी किंवा अन्य कुणीच पुढे आले नाही तर न्यायालयाच्या आदेशाने त्यांचा लिलाव करता येईल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये तर मुदतीच घालून दिल्या आहेत: मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार करायचे, तिची छायाचित्रे आणि गरज असेल तर चित्रफीतही घ्यायची आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. मालक अज्ञात असेल तर कलम 503 प्रमाणे जाहीर उद्घोषणा करून हक्क सांगण्यासाठी सहा महिन्यांचा अवधी द्यावा लागतो. तेव्हा ‘पोलीस गाड्या विकतात ही थापच आहे’ असे सांगणारा माणूस चुकीचे सांगतो, आणि ऐकणाऱ्याला खरी लिलावाची नोटीस एकदा जरी दिसली असेल तरी तो त्या सल्लागारावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

मात्र खऱ्या लिलावातली गाडी स्वस्त का असते, हे समजून घेतले की जाहिरातीतल्या गाडीशी तिचा संबंध किती दूरचा आहे ते कळते. ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत ऊनपावसात उभी राहिलेली दुचाकी जवळून पाहावी: टाकीला आतून गंज धरलेला, बॅटरी गेलेली, टायर भेगाळून रिमला चिकटलेले, आसनाचे कापड फाटून त्यातला फोम भुगा झालेला. हँडलखालच्या नळीवर कोरलेला चेसिस नंबर वाचता यावा म्हणून तिथली माती खरवडून खडू घासलेला असतो, कारण पंचनाम्यातल्या नंबराशी तो जुळवून घ्यायचा असतो. अशी वाहने अनेकदा सुटी विकली जात नाहीत, त्यांचा लॉट करतात आणि तो भंगाराच्या भावाने जातो. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असते. म्हणजे इंजिन चालू होईल की नाही, याची हमी कुणीही देत नाही. आणि जे वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी विकले जाते त्याच्यामागे कागदांची एक निश्चित साखळी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 57 नुसार सरकारी लिलावात वाहन घेणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत नमुना 32 मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत इतर कागदांबरोबरच दोन गोष्टी जोडाव्या लागतात: लिलाव करणाऱ्या अधिकृत व्यक्तीच्या सहीचे, विक्री आपल्या नावे कायम झाल्याचे प्रमाणपत्र आणि मुळात तो लिलाव करण्याची परवानगी देणाऱ्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत. हे दोन कागद नसतील तर गाडी हाती येऊनही ती आपली होत नाही. जाहिरातीत काय असते? नुकती धुतलेली, चकचकीत चाकांची, नंबरपट्टी पुसट केलेली गाडी. सहा महिने बेवारस पडलेल्या मुद्देमालाची चाके चकचकीत कशी राहिली, हा प्रश्न विचारायला कायद्याचे ज्ञान लागत नाही; पण त्यासाठी खरा मुद्देमाल एकदा पाहिलेला असावा लागतो, आणि तो कुणी पाहिलेला नसतो.

इथे लोभाचा सिद्धान्त मांडणारे म्हणतील की मुद्देमाल पाहिला नसला तरी अक्कल तर आहे. इतक्या कमी किमतीला काहीतरी काळेबेरे असणार, हे कुणालाही कळावे. या आक्षेपाला इतिहास उत्तर देतो. जप्तीचा माल हितसंबंधीयांना मातीमोल दराने मिळतो, ही समजूत लोकांच्या मनात कुणी उगाच भरवलेली नाही. इसवी सनपूर्व 80 मध्ये रोममध्ये सेक्स्टस रॉस्कियस या माणसाचा खटला उभा राहिला. त्याच्या बापाचा खून झाला होता आणि खुनानंतर त्या बापाचे नाव राज्याच्या शत्रूंच्या यादीत घुसडून त्याची मालमत्ता जप्त करण्यात आली होती. सेस्टर्स या रोमन नाण्यांत साठ लाख मोलाची ती मालमत्ता हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतल्या क्रिसोगोनसने लिलावात अवघ्या दोन हजारांना घेतली. हे प्रकरण भर न्यायालयात मांडणारा तरुण वकील सिसेरो होता. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे उदाहरण मी यासाठी देतो की राज्यसत्तेने जप्त केलेला माल, बंद दाराआडचा लिलाव आणि ओळखीच्या माणसाला मिळालेली नाममात्र किंमत हे त्रिकूट फार जुने आहे. आज जाहिरात पाहणारा माणूस जेव्हा म्हणतो, ‘आतल्या लोकांना अशाच भावात मिळत असतील, यावेळी आपला नंबर लागला’, तेव्हा तो मूर्खपणाने बोलत नसतो. त्याने आयुष्यभर पाहिलेल्या व्यवहारांवरून काढलेला तो तर्क असतो. फसवणारा त्या तर्कावरच स्वार होतो: फोनवर तो आवाज खाली आणून सांगतो की यादी अजून बाहेर गेलेली नाही, साहेबांनी दोनच गाड्या बाजूला ठेवल्या आहेत. लिलाव सर्वांना दिसेल असा झाला असता तर या वाक्याला काही किंमतच उरली नसती.

आता टोकनकडे वळू, कारण वादात सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते. खऱ्या लिलावातही बोलीआधी बयाणा भरावा लागतो. मग जाहिरातदाराने टोकन मागितले तर त्यात वावगे काय, असा प्रश्न साहजिक आहे. फरक रकमेच्या हेतूत आहे. लिलावातला बयाणा हौशी माणसाला बाहेर ठेवण्यासाठी असतो. ज्याला खरोखर घ्यायचे नाही त्याने बोली वाढवून नंतर पाठ फिरवू नये म्हणून ती रक्कम जड वाटेल इतकी असावी लागते. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, 2017 सरकारी मालाच्या विल्हेवाटीबाबत सांगतात की निविदेने विक्री करायची असेल तर बयाणा साधारणपणे राखीव किमतीच्या दहा टक्के असावा, आणि लिलाव असेल तर सर्वोच्च बोली लावणाऱ्याकडून बोलीच्या किमान पंचवीस टक्के रक्कम जागेवरच घ्यावी. जप्त वाहनांच्या प्रत्येक लिलावाला हेच नियम लागू होतात असे नाही, परंतु बयाण्यामागचा विचार सगळीकडे हाच असतो. टोकनचा हेतू नेमका उलट आहे. ते कुणालाही बाहेर ठेवत नाही, सगळ्यांना आत घेते. त्याची रक्कम अशी बेतलेली असते की भरण्याआधी घरात विचारावेसे वाटू नये, बँकेत जावे लागू नये आणि बुडाली तर पोलिसांत तक्रार करावीशी वाटू नये. शिवाय लिलाव म्हटला की किंमत बोलीतून ठरते. तुमच्यापेक्षा वरची बोली लागली तर बयाणा परत मिळतो. जाहिरातीत किंमत आधीच छापलेली असते, प्रतिस्पर्धी कुणीच नसतो आणि टोकन भरताच गाडी ‘बुक’ होते. ज्यात बोली नाही, हरणारा नाही आणि हातोडा पडण्याची वेळही नाही, त्याला लिलाव कशाच्या आधारावर म्हणायचे?

एक उदाहरण आकड्यांनिशी तपासून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण पायऱ्यांचा क्रम या धंद्यातला नेहमीचाच आहे. समजा, बाजारात एक लाखाला जाणारी दुचाकी बारा हजारांत जाहीर झाली आहे आणि टोकन आहे पाचशे रुपये, तेही ‘परत मिळणारे’. पैसे भरताच गणवेशातल्या माणसाचे छायाचित्र, त्याचे ओळखपत्र आणि शिक्का मारलेली पावती मोबाइलवर येते. दुसऱ्या दिवशी कळते की गाडी आवारातून बाहेर काढायला गेट पास लागतो, त्याचे पंधराशे. हे अंतिम किमतीतून वजा होतील. मग परिवहन कार्यालयात नाव बदलण्याचे तीन हजार. मग विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही म्हणून अडीच हजार. शेवटी गाडी निघाली आहे, वाटेत आहे, पण तुम्ही विम्याचे पैसे उशिरा भरल्याने दंड बसला आहे, चार हजार भरा, नाहीतर गाडी परत जाईल आणि आधीचे सगळे जप्त होईल. बेरीज करा: साडेअकरा हजार. जवळजवळ पूर्ण जाहीर किंमत वसूल झाली आहे आणि प्रत्येक हप्ता मागताना मात्र गाडी फक्त एक पाऊल दूर होती. पहिल्याच दिवशी बारा हजार एकरकमी मागितले असते तर या माणसाने गाडी पाहिल्याशिवाय ते दिले नसते, हे जाहिरातदाराला पक्के ठाऊक असते.

या माणसाचा हिशेब आतून पाहिला तर तो वेडगळ नसतो, हीच या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. टोकन भरताना त्याला शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा फसवणूकच असेल असे वाटत असले तरी उरलेली एक शक्यता त्याला अठ्ठ्याऐंशी हजारांचा फायदा दाखवते. त्या एका शक्यतेची किंमत आठशे ऐंशी रुपये होते आणि तिकीट आहे पाचशेचे. म्हणजे संशयी माणसालाही टोकन भरणे परवडते. पुढे विम्याचे अडीच हजार मागितले जातात तेव्हा त्याचे पाच हजार आधीच अडकलेले असतात आणि नकार दिला तर ते आजच बुडाले हे मान्य करावे लागते. चूक गणितात नाही, ती गृहीतकात आहे. त्याला वाटते की आपण पाचशे रुपयांत गाडी मिळण्याची थोडीशी शक्यता विकत घेतली. प्रत्यक्षात गाडी अस्तित्वातच नसल्याने ती शक्यता शून्य असते आणि पाचशे रुपयांत त्याने विकत घेतलेली गोष्ट म्हणजे ‘पैसे देणारा माणूस’ या यादीतले स्वतःचे स्थान. टोकनचे खरे काम हेच आहे: हजारो चौकशांमधून पुढचे फोन कुणाला करायचे ते ठरवणे. संगणक-सुरक्षेचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये ईमेलवरच्या फसवणुकीबद्दल असाच युक्तिवाद केला होता की न पटणारी गोष्ट मुद्दाम न पटणारीच ठेवली जाते, म्हणजे वेळ खाणारे संशयी लोक आपणहून गळून पडतात. त्यावरून ‘मग उरतात ते मूर्खच’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पण इथे उरणाऱ्यांत कोण असतात? ज्याला कामावर जायला वाहन हवे आहे आणि कर्ज मिळत नाही तो, ज्याची जुनी गाडी बंद पडली आहे तो, ज्याच्यासाठी बारा हजार हीच पोहोच आहे आणि लाख रुपये नाही तो. गरज आणि लोभ यांच्यात फरक करण्याची तसदी न घेता दोघांना एकच नाव देणे हा आळस आहे, आणि तो फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडतो, कारण लोभी म्हणवून घेण्याच्या लाजेने माणूस तक्रार करत नाही.

या जाहिरातीचा दुसरा एक प्रकार आहे, तो कायद्याच्या काठावर चालतो आणि म्हणून त्याच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. त्यात गाडी देण्याचे वचन नसते. ‘पोलीस लिलावांची यादी’ देण्याचे असते. नोंदणी शुल्क भरा, म्हणजे कुठे काय स्वस्तात निघाले आहे ते कळवू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या शिल्लक जीपगाड्या सरकारने खरोखर विक्रीला काढल्या होत्या. त्यातून पन्नास डॉलरला जीप मिळते ही आख्यायिका तयार झाली आणि पुढची कित्येक दशके मासिकांच्या मागच्या पानांवर त्याच भाषेत जाहिराती येत राहिल्या. 1980 च्या दशकात तर सरकारकडून चव्वेचाळीस डॉलरला जीप मिळते हे खरे आहे का, असा प्रश्नच छापून पुढे संपर्काचा क्रमांक दिलेला असे. पैसे पाठवणाऱ्याला जीप मिळत नसे, सरकारी लिलावात भाग कसा घ्यावा याची माहिती मिळत असे, आणि ती माहिती सरकारकडून अशीही मिळण्यासारखी होती. या जुन्या प्रकाराकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. जाहिरातदार जे विकत होता ते खोटे नव्हते. सार्वजनिक असूनही लोकांपर्यंत न पोहोचलेली माहिती तो विकत होता. माहिती आणि नागरिक यांच्यामधले अंतर हाच त्याचा माल होता. आजच्या जाहिरातदाराचाही तोच आहे. खरी नोटीस ठाण्याच्या फलकावर लागते, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत छापून येते किंवा एखाद्या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या, शोधता न येणाऱ्या पानावर पडून राहते. अशी नोटीस कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्ध झालेली असते आणि व्यवहारात ती कुणीही वाचलेली नसते.

म्हणूनच केवळ जनजागृतीवर माझा भरवसा नाही. ती नको असे मी म्हणत नाही. अनोळखी खात्यावर पैसे टाकू नका हा सल्ला चांगलाच आहे आणि त्याने काही लोक निश्चित वाचतात. पण ‘फार स्वस्त दिसले तर समजा फसवणूक आहे’ ही मोहिमांमधली मुख्य शिकवण इथे निकामी ठरते, कारण खरा लिलावही अनेकदा स्वस्तच असतो. किंमत ही खरे-खोटे ओळखण्याची कसोटीच नाही. कसोटी आहे ती अधिकाराची: हे वाहन विकण्याचा आदेश कुणी दिला, त्या आदेशाचा क्रमांक व तारीख काय, बोलीच्या आधी वाहन प्रत्यक्ष कुठे आणि केव्हा पाहता येईल आणि पैसे कुणाच्या नावाच्या खात्यात जातील? खऱ्या लिलावात या चारही प्रश्नांची उत्तरे नोटिशीतच असतात. खोट्या जाहिरातीत दुसऱ्या प्रश्नाला गणवेशाचे छायाचित्र येते, तिसऱ्याला ‘सुरक्षेच्या कारणास्तव आवारात प्रवेश नाही’ असे उत्तर मिळते आणि चौथ्यात पैसे पाठवण्याच्या क्षणी पडद्यावर कार्यालयाचे नव्हे, एखाद्या व्यक्तीचे नाव उमटते. ते नाव वाचण्याची सवय हा उत्तम उपाय आहे. परंतु नागरिकाने आदेशाचा क्रमांक मागावा अशी अपेक्षा करताना तो क्रमांक खरा आहे की नाही हे पडताळण्याची जागा त्याला कुणी दिली आहे का? ठाण्यात फोन केला तर मुद्देमाल कारकुनाशी गाठ पडेलच असे नाही, आणि पडली तरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या लिलावाची माहिती त्याच्याकडे नसते.

माझी मागणी साधी आहे. जप्त आणि बेवारस वाहनांचा प्रत्येक लिलाव, मग तो पोलिसांचा असो, परिवहन खात्याचा असो वा महापालिकेचा, राज्याच्या एकाच सार्वजनिक नोंदवहीत चढल्याशिवाय वैध धरला जाऊ नये. त्या नोंदीत आदेशाचा क्रमांक, पाहणीची तारीख व जागा, राखीव किंमत, बयाण्याची रक्कम, तो कोणत्या सरकारी खात्यात भरायचा ते आणि लिलावानंतर अंतिम किंमत असावी. केंद्र सरकारच्या मालकीची एमएसटीसी ही कंपनी सरकारी मालाचे लिलाव ऑनलाइन करतेच. म्हणजे नोंदणी, बयाणा आणि बोली एकाच ठिकाणी ठेवण्याचे तंत्र नवे शोधायचे नाही. नव्या संहितेने न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेचे वर्णनपत्र आणि छायाचित्रे बंधनकारक केलीच आहेत, तेव्हा माहिती जमवण्याचा भारही निम्मा उचललेला आहे. यात अंतिम किंमत जाहीर करण्याला मी विशेष महत्त्व देतो. गेल्या वर्षभरात कोणत्या अवस्थेतली वाहने कितीला गेली हे ज्याला दिसेल, त्याला दोन गोष्टी एकदम कळतील: चालू स्थितीतली गाडी बोलीत बाजारभावाच्या आसपासच पोहोचते, आणि जी कवडीमोल गेली ती भंगार होती. ‘आतल्या लोकांना मिळते’ हा संशय खरा असेल तर तोही याच आकड्यांतून उघड होईल, आणि तो उघड व्हायलाच हवा.

यावर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की चेसिस आणि इंजिन नंबर सर्वांसमोर मांडले तर गाडीचोर त्यांचा गैरवापर करतील. चोरीच्या गाडीवर तोच नंबर कोरून ती लिलावातली म्हणून खपवतील. हा धोका खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. त्यावर मार्ग असा की पूर्ण नंबर यादीत न देता पडताळणीची सोय द्यावी: ज्याच्याकडे नंबर आहे त्याने तो टाकावा आणि ‘हे वाहन या आदेशाखाली लिलावात आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळावे. वाहन विकले गेले की नोंदीवर तसा शेरा पडावा, म्हणजे एकाच लिलावाच्या कागदावर दुसरी गाडी उभी राहणार नाही. दुसरा आक्षेप असा की फसवणारे या नोंदवहीचीही हुबेहूब नक्कल करतील. करतील, यात शंका नाही. पण आज त्यांना नक्कलसुद्धा करावी लागत नाही. अस्सल काय दिसते हेच कुणाला ठाऊक नसल्याने एक शिक्का आणि एक पावती पुरते. अस्सल एका जागी असले की नक्कल शोधणे, बंद करणे आणि लोकांना दाखवून देणे शक्य होते. अस्सल शेकडो फलकांवर विखुरलेले असताना यातले काहीच शक्य नसते.

जाहिरात छापणाऱ्या आणि पैसे वाहून नेणाऱ्यांची जबाबदारी उरतेच. ऑनलाइन मंचांचे म्हणणे असते की दररोजच्या असंख्य जाहिराती तपासणे अशक्य आहे, आणि सर्व जाहिरातींपुरते ते पटण्यासारखे आहे. मात्र पोलिसांचे नाव आणि लिलाव हे दोन शब्द एकत्र आलेल्या जाहिराती काही असंख्य नसतात. भारताच्या राजचिन्हाचा अनुचित वापर 2005 च्या कायद्याने गुन्हा ठरवलेला आहे; तरीही राजमुद्रा लावलेली ‘पोलीस लिलाव’ जाहिरात पैसे घेऊन दाखवली जाते आणि तिच्याबद्दल तक्रार येईपर्यंत कुणी हलत नाही. अशा जाहिरातीसाठी लिलावाच्या आदेशाचा क्रमांक आधी मागणे, आणि तो नोंदवहीत नसेल तर जाहिरात न स्वीकारणे, यात कोणते तांत्रिक अशक्यत्व आहे? बँकांच्या बाबतीत लहान रकमेचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाचशे रुपये गेलेला माणूस 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करत नाही, कारण एवढ्यासाठी कोण धावपळ करील, असे त्याला वाटते. आणि त्याच खात्यात त्या दिवशी आणखी कितीजणांनी तेवढेच पाचशे भरले हे त्याला दिसत नाही. ते दिसते फक्त बँकेला. एका वैयक्तिक खात्यात दूरदूरच्या अनोळखी लोकांकडून सारख्याच लहान रकमा येत राहतात आणि येताच पुढे निघून जातात, हा आकृतिबंध ओळखण्यासाठी एकाही तक्रारीची वाट पाहावी लागू नये. तसे खाते थांबवून खातेदाराला हे पैसे कशाचे, एवढे विचारण्याचे बंधन बँकेवर असले तर टोकनच्या पायरीवरच साखळी तुटेल आणि गेट पासचा फोन लागण्याआधी पाचशे रुपये परत फिरवता येतील.